चित्र तुमचे, चौकट त्यांची

«माझ्या भाच्याने ठाण्यात नवा फ्लॅट घेतला आहे आणि पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. त्याच्या लग्नानंतर मी सूनबाईला दोनदाच भेटले आहे. तिचे माहेर बंगळुरूचे. घर मी फक्त व्हिडिओ कॉलवर, तेही ओझरते पाहिले. मला त्यांना भिंतीवर लावायला काहीतरी द्यावेसे वाटते. तीन फूट बाय दोन फुटांचे वारली चित्र सोनेरी फ्रेममध्ये मढवून घ्यावे, असे मनात आहे. चार हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकते. यजमान म्हणतात, त्यांच्या घराची आवड आपल्याला ठाऊक नाही, सरळ पाकीट द्यावे. काय करू?» — एक मावशी, नाशिक

ताई, वारली चित्र देण्याचा विचार चांगला आहे आणि तो तुम्ही सोडू नये, असे मला वाटते. बदलायला हवे ते त्याचे आकारमान आणि चौकट. माझी पंचवीस वर्षे इतरांची चित्रे मढवण्यात गेली आहेत. भेट म्हणून आलेले चित्र भिंतीवर लागते की कपाटामागे जाते, हे चित्रापेक्षा या दोन गोष्टींवर अधिक अवलंबून असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तीन फूट बाय दोन फुटांच्या चित्राला स्वतःची अशी एक भिंत लागते. शहरातल्या साधारण फ्लॅटच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर टीव्ही असतो, दुसरीकडे गॅलरीचे दार किंवा खिडकी असते, तिसरीकडून आतल्या खोल्यांची वाट निघते आणि सोफ्यामागची एकच भिंत मोकळी उरते. त्या एका भिंतीवर काय लावायचे, याची कल्पना नव्या घरात राहायला जाणाऱ्या नवराबायकोच्या मनात बहुधा आधीच असते. तिथे आपले मोठे चित्र गेले, तर त्यांना एकतर आपली कल्पना मोडावी लागते किंवा मावशीचे मन. दोन्ही गोष्टी त्यांच्यावर आणू नयेत.

वजनाचाही प्रश्न आहे. चित्रांना लावतात ती दोन मिलिमीटर जाडीची साधी काच एका चौरस मीटरला सुमारे 5 किलो भरते. तुमच्या मनातल्या आकाराला नुसती काचच पावणेतीन किलोंच्या आसपास लागेल. वर पाठीचा हार्डबोर्ड आणि रुंद पट्टी धरली, तर चौकट पाच किलोंवर सहज जाते. नव्या इमारतींच्या आतल्या भिंती अनेकदा हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत हातोडीने ठोकलेला खिळा एवढे वजन फार काळ धरत नाही. ड्रिलने भोक पाडून, त्यात गट्टू बसवून स्क्रू लावावा लागतो. म्हणजे कोणाला तरी बोलवावे लागते, आणि तोपर्यंत चित्र पलंगामागे उभे राहते. मी स्वतः मैत्रिणीच्या मुलाला असेच मोठे निसर्गचित्र मोठ्या हौसेने दिले होते. दोन वर्षांनी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते कपाटाच्या मागे, मी बांधलेल्या कागदातच उभे होते आणि मी येणार हे ठाऊक नसल्यामुळे त्या मुलाची फार अवघडल्यासारखी स्थिती झाली. त्याची काही चूक नव्हती. मी त्याच्या घरात त्याला नसलेली भिंत गृहीत धरली होती.

म्हणून आतून 12 इंच बाय 16 इंच एवढीच चौकट करा. या आकाराला काच सव्वासहाशे ग्रॅमच्या आत लागते आणि बारीक पट्टी घेतली, तर सगळे मिळून दीड किलोच्या आसपास राहते. ही चौकट दारालगतच्या अरुंद भिंतीवर लागू शकते, अभ्यासाच्या टेबलामागे लागू शकते, पुस्तकांच्या फळीवर नुसती टेकवून ठेवता येते आणि घर बदलले की कपड्यांच्या बॅगेतूनही जाते. ज्यांच्या घराची आपल्याला नीट ओळख नाही त्यांना द्यायच्या वस्तूला एवढी मोकळीक असावी, असे मला वाटते.

आता चित्राविषयी. वारली चित्र अनोळखी घरासाठी मला योग्य वाटते, याचे कारण त्याच्या मुळातच आहे. हे चित्र भिंतीवरचेच. लग्नघराच्या शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडावर सवाष्णी बायका तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहीत, आणि बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करीत. साधारण 1970 नंतरच्या काळात ते कागदावर आणि कापडावर उतरले; डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या हातून ते जगभर गेले आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आले तरी चित्राने आपली गेरूची भूमी सोडली नाही. त्यामुळे ते जिथे जाते तिथे आपल्या भिंतीचा एक तुकडा बरोबर घेऊन जाते, आणि मातीचा लाल-तपकिरी व पांढरा या दोनच रंगांत सगळे असल्यामुळे आजकालच्या पांढऱ्या, राखाडी, मोतिया भिंतींपैकी कुठल्याही भिंतीशी त्याचे भांडण होत नाही. गेरू हा मातीतून निघणारा लोहयुक्त रंग आहे, तो छापील चित्रांतल्या रंगांसारखा उन्हाने लवकर उडत नाही, हाही त्याचा मोठा गुण. अडचण येते ती एकाच ठिकाणी: भिंतीला गडद लाकडी पॅनेल किंवा विटकरी रंग असेल, तर गेरू त्यात बुडून जातो. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

विषय निवडताना तारपा वाजवणाऱ्याभोवती वळसे घेत जाणारा नाच, शेतातली लावणी, ताडावर चढणारा माणूस, झाडावरचे पक्षी यांपैकी काही घ्या. लग्नचौक घेऊ नका. त्याच्या मधोमध पालघाट देवी असते, आणि ते लग्नविधीचे चित्र आहे. वास्तुशांतीची भेट म्हणून त्याचा संदर्भ सुटतो. हाच विचार मी देवादिकांच्या सगळ्या तसबिरींना लावते. गणपती हा सर्वांना चालतो म्हणून लोक निर्धास्तपणे देतात, पण देवाची तसबीर कुठे लावायची, कोणत्या दिशेला, पायांच्या बाजूला येते का, हे प्रश्न घरच्यांवर पडतात आणि जागा नसली तरी ती माळ्यावर टाकायला मन धजत नाही. देवघरात काय असावे हे ज्या घरचे त्या घराने ठरवावे. नाचाच्या चित्राचे असे ओझे नसते. आवडले तर ते भिंतीवर येते, नाही तर ते दुसऱ्या कोणाला देण्यातही पाप वाटत नाही.

चित्र ए-फोर आकाराचे, म्हणजे 21 सेंटिमीटर बाय 29.7 सेंटिमीटरचे घ्या, आणि ते हाताने काढलेलेच असू द्या. वारली वस्ती तुमच्या नाशिक जिल्ह्यातही आहे आणि जव्हारही तुम्हाला फार लांब नाही, तेव्हा थेट चित्रकाराकडून घेता आले तर उत्तम. चार हजारांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम चौकटीवर नव्हे, तर चित्रावर खर्च व्हावी. दुकानातून घेणार असाल, तर चित्र खिडकीशी नेऊन तिरपे धरा. हाताने काढलेल्या चित्रात पांढरी रेघ कागदाच्या किंचित वर उठलेली दिसते, रेघ सुरू होते तिथे रंगाचा बारीक थेंब साचलेला असतो आणि पुढे ती विरळ होत जाते. नाचणाऱ्यांच्या रांगेतली दोन माणसे शेजारीशेजारी पाहा. त्यांचे त्रिकोण थोडे लहानमोठे असतील, कोणाचा गुडघा अधिक वाकलेला असेल. सगळी माणसे अगदी एकसारखी असतील आणि भिंगातून पाहिल्यावर रंगाचे बारीक ठिपके दिसत असतील, तर ते छापील आहे. आणखी एक पाहा: चित्रकाराची सही कागदाच्या अगदी काठाला टेकलेली नसावी, कारण मढवताना काठाचे चार-पाच मिलिमीटर झाकले जातात.

आता मढवण्याकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. सूनबाईंना कोणती चौकट आवडेल हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि विचारले तर भेटीतली मौज जाते. मग चौकट अशी करावी, की ती त्यांना पाच मिनिटांत बदलता यावी. हे साधते ते माउंटने. माउंट म्हणजे चित्राच्या चारही बाजूंनी दिसणारा जाड पुठ्ठ्याचा कोरा काठ. फ्रेमवाल्याला सांगा, की माउंटचे बाहेरचे माप नेमके 12 बाय 16 इंच ठेवा, कारण या मापाच्या तयार चौकटी बाजारात मिळतात. मधली खिडकी 20 सेंटिमीटर बाय 28.7 सेंटिमीटरची कापली, की चित्राची प्रत्येक कड पाच मिलिमीटर खाली दबते. डावी-उजवीकडे माउंटचा काठ प्रत्येकी सव्वापाच सेंटिमीटर उरतो. वर-खाली मिळून जे बारा सेंटिमीटरच्या आसपास उरतात ते समान वाटू नका. वर साडेपाच आणि खाली सुमारे साडेसहा ठेवा. खालचा काठ थोडा रुंद असला, की चित्र खाली घसरल्यासारखे दिसत नाही.

माउंटचा रंग मोतिया घ्या, झगझगीत पांढरा नको, कारण त्याच्याशेजारी तांदळाचा पांढरा रंग मळका दिसतो. भिंत गडद असली तर काय, याचे उत्तरही हाच रुंद मोतिया काठ आहे: गेरू आणि लाकूड यांच्यामध्ये तो पाच सेंटिमीटर मोकळी जागा राखतो आणि चित्र वेगळे उठून दिसते.

पट्टी सोनेरी का नको, असे तुम्ही विचाराल. सोनेरी पट्टी प्रकाश परतवते आणि तिच्या आत गेरूसारखा कोरडा, न चमकणारा रंग मंद वाटू लागतो. शिवाय सोनेरी रंग घराकडून पुष्कळ काही मागतो. आजूबाजूला तशाच वस्तू नसल्या, तर तो एकटा पडतो. दोन सेंटिमीटर रुंदीची, फिक्या सागवानी रंगाची साधी पट्टी घ्या. तिची आतली खाच किती खोल आहे ते फ्रेमवाल्याला मोजून दाखवायला सांगा. काच, माउंट, चित्र, त्यामागचा पुठ्ठा आणि हार्डबोर्ड हे सगळे एकत्र धरले तर नऊ-दहा मिलिमीटर होतात, तेव्हा खाच बारा मिलिमीटरची तरी हवी. आणि चौकटीची पाठ खिळ्यांनी ठोकून, वर कागद चिकटवून कायमची बंद करू देऊ नका. मागे फिरवता येणाऱ्या किंवा वाकवता येणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या लावायला सांगा. त्या बाजूला केल्या, की चित्र माउंटसह बाहेर येते आणि काळ्या, पांढऱ्या किंवा त्यांना हव्या त्या चौकटीत जाते. अशी उघडी पाठ धूळ आणि झुरळांच्या दृष्टीने बंद पाठीइतकी चांगली नाही, हे खरे. पण त्यांची पट्टी एकदा ठरली, की ते मागून कागदी टेप लावून फटी बंद करून घेऊ शकतात.

फ्रेमवाल्याच्या टेबलाशी उभे राहून एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहा: चित्र माउंटला कसे जोडले जाते. एका मढवणाऱ्याने माझे एक चित्र गोंद लावून संपूर्णपणे हार्डबोर्डला चिकटवले होते. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यावर फुगे आले आणि काढताना कागद फाटला. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. चारही बाजूंनी जखडला, की त्याला जायला वाट राहत नाही आणि तो लाटांसारखा उठतो. म्हणून चित्र फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, कागदी पट्ट्यांनी लटकवायचे असते. बाकी तीन बाजू मोकळ्या. सेलोटेप कुठेही नको, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि तिचा डाग कागदात उतरतो. हार्डबोर्ड आणि चित्र यांच्यामध्ये आम्लरहित पुठ्ठ्याचा एक थर घालायला सांगा. फ्रेमवाले त्याला ‘ॲसिड फ्री’ म्हणतात. हार्डबोर्डमधले आम्ल कागद तपकिरी करते, ते या थराने अडते.

काचेऐवजी ॲक्रिलिक लावतो, ते फुटत नाही, असे तुम्हाला सुचवले जाईल. एरवी ही सूचना वाईट नाही, आणि ॲक्रिलिक काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते. पण ते पुसताना त्यात स्थिर वीज तयार होते आणि ती धूळच नव्हे, तर चित्रावरचा सुटा, भुकटीसारखा रंगही ओढून घेते. वारली चित्रातला पांढरा रंग असाच कोरडा असतो. त्यासाठी काचच बरी. ती चित्राला टेकता कामा नये, आणि माउंटची जाडी तेवढे अंतर राखते. चित्र कागदावर न घेता माती दिलेल्या कापडावर घेतलेत, तर त्याचा पृष्ठभाग उंचसखल असतो, तेव्हा एकावर एक असे दोन माउंट लावून घ्या, आणि ते कापड ताणून खिळवू देऊ नका, नाही तर वरच्या मातीला भेगा पडतात.

चौकटीच्या मागे भिंतीला अडकवायची कडी आणि टेबलावर उभी करायची टेकण, अशी दोन्ही लावून घ्या. टेकणीमुळे खिळा मारायचा की नाही, हा निर्णय त्यांना वास्तुशांतीच्या धामधुमीत घ्यावा लागत नाही. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या लहान गोळ्या चिकटवल्या, तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळते. ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत थंड आणि ओलसर होते आणि चिकटून बसलेल्या चौकटीच्या पाठीवर बुरशी धरते, तिला थोडा तरी अटकाव होतो.

हे सगळे ठरवण्याआधी एक फोन तुमच्या बहिणीला करा. तिला आवडनिवड विचारू नका, कारण त्यावर "काहीही चालेल गं" हेच उत्तर येईल. तिने काय पाहिले, ते विचारा. घरात आत्ता भिंतीवर काही लागले आहे का, आणि लागले असेल तर त्याची चौकट कोणत्या रंगाची आहे? या एका उत्तरावरून तुमच्या पट्टीचा रंग ठरेल. घरात सगळ्या चौकटी काळ्या असतील, तर सागवानी सोडून काळी घ्या. दुसरे विचारा, की भिंतींचे काम एखाद्या अंतर्गत सजावटकाराने करून दिले आहे का. तसे असेल, तर भिंती आखलेल्या असतात, कुठल्या कोनाड्यात काय बसायचे हेही ठरलेले असते, आणि तिथे तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अशा वेळी चित्र चौकटीशिवाय, फक्त माउंट आणि पाठीच्या पुठ्ठ्यासह, पारदर्शक पाकिटात घालून द्या आणि चौकटीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. ते पाकीट यजमानांच्या हातून द्या.

पाठीच्या पुठ्ठ्यावर, चित्रावर नव्हे, मऊ पेन्सिलीने चित्रकाराचे नाव, गाव, चित्राचा विषय आणि वास्तुशांतीची तारीख लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. सूनबाई बंगळुरूच्या आहेत. तारपा हे भोपळ्याचे लांब वाद्य आहे आणि नाचणारे वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसेल. ते दोन ओळींत तिथेच लिहून ठेवा.

नाशिकहून नेताना काचेवर कागदी टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावा, म्हणजे काच तडकली तरी तुकडे चित्रावर सरकणार नाहीत. चौकट गाडीत आडवी न ठेवता दोन उशांच्या मध्ये उभी ठेवा. पूजा चालू असताना ती देऊ नका. पाहुणे पांगल्यावर, सूनबाईंना बाजूला बोलावून त्यांच्या हातात द्या आणि चौकट उलटी करून पाठीच्या पट्ट्या कशा उघडतात ते त्यांना एकदा दाखवा. म्हणा, "चित्र मी निवडले आहे, चौकट तात्पुरती आहे. तुमचे घर लागले, की तुम्हाला हवी ती घाला."